रजेच्या अर्जातलं खरं कारण

रजेचा मेल मी भंडारदऱ्याला, तलावाच्या काठावर बसून लिहिला. आम्ही चौघं मित्र पुण्याहून शेंडीला मुक्कामाला आलो होतो. आदल्या दिवशी रतनवाडीकडे गेलो तेव्हा चार तास रेंज नव्हती. परतल्यावर फोनवर मॅनेजरचे सात मिस्ड कॉल दिसले. चार तासांत ही गत, तर बारा दिवसांचं काय होणार?

इथून घोटीमार्गे इगतपुरी काही फार लांब नाही. तिथल्या धम्मगिरीच्या विपश्यना शिबिरात माझा प्रवेश पक्का झाला होता. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या संध्याकाळी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं असतं. बुधवारी जाऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी परतलं, तर कामाचे आठ दिवस जातात. पहाटे चारला उठायचं, दिवसभरात दहा-एक तास ध्यान, दहाव्या दिवसापर्यंत मौन. फोन पहिल्याच दिवशी जमा करायचा.

आमच्या कंपनीत हे कुणी केलेलं नव्हतं. म्हणून मी आधी लिहिलं, 'मामेभावाचं लग्न आहे.' मित्र म्हणाला, "छान आहे. पण लग्नात फोन का बंद, असं विचारलं तर?" मग 'तब्येत' लिहावंसं वाटलं. म्हणजे एका खोट्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट हे दुसरं खोटं आलं.

अडचण पकडले जाण्याची नव्हती. शिबिरात पहिल्याच संध्याकाळी पाच शीलं घ्यायची असतात. त्यातलं एक म्हणजे खोटं न बोलणं. मौनामागचं एक कारणही तेच सांगतात, की बोललंच नाही तर खोटं बोलायची वेळ येत नाही. खोटं बोलून मिळवलेल्या रजेत बसून मी हे व्रत घेणार होतो. आजारी असल्याचं सांगून मी तिथे डोळे मिटून बसलो असतो, तर नेमकं काय शिकलो असतो?

पण मॅनेजरला सगळं सांगायलाच हवं का? मी ध्यान का करतो, मला झोप का लागत नाही, हे कंपनीचं देणं नाही. 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहिणं म्हणजे खोटं नाही, गप्प बसणं आहे. हा फरक मला तिथे काठावर बसल्यावर कळला. कारण माझं होतं, पण एक गोष्ट मात्र माझी एकट्याची नव्हती. मी बारा दिवस सापडणार नव्हतो. सर्व्हर रात्री दोनला पडला, तर त्याचा भार कुणाच्या तरी झोपेवर पडणार होता. तेवढं सांगणं मी लागत होतो, आणि खोट्या कारणात नेमकं तेच लपत होतं. लग्नाला गेलेला माणूस फोन उचलेल, असं सगळे धरून चालले असते.

गंमत म्हणजे ही पद्धत नोकरी करणाऱ्या माणसाच्याच हातून आपल्यापर्यंत आली. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. 1955 मध्ये मायग्रेनला कंटाळून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते आणि नोकरी सांभाळून ध्यान शिकवत. गोएंका 1969 मध्ये भारतात आले. आज महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सोय ठेवली आहे. आमच्या एचआरच्या यादीत मात्र तसा कुठला रकाना नव्हता.

शेवटी मेलमध्ये मी चारच गोष्टी लिहिल्या. इगतपुरीला दहा दिवसांचं ध्यान शिबिर आहे. आठ दिवस अर्जित रजा हवी. या काळात फोन आणि मेल पूर्ण बंद असेल. माझी ऑन-कॉल पाळी एक सहकारी घेईल, आणि त्याच्या बदल्यात दिवाळीचा आठवडा मी घेईन. त्याला आधीच विचारलं होतं. रजेआधीचे दोन दिवस मी त्याच्याबरोबर बसेन, हेही त्याच्याशी ठरलं होतं.

सोमवारी मॅनेजरने बोलावलं. "हे धार्मिक आहे का? परत येशील ना?" मी हसलो. मग त्याने खरा प्रश्न विचारला, "अगदीच गरज पडली तर?" तिथल्या ऑफिसचा नंबर असतो, घरच्यांच्या आणीबाणीसाठी. तो मी आईला दिला होता. मी म्हणालो, "नंबर आहे, पण सर्व्हरसाठी नाही." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग रिलीज झाल्यावर जा." मी तारीख एक महिना पुढे ढकलली, पुन्हा नाव नोंदवलं, वेटिंग लिस्टमध्ये राहिलो आणि शेवटी गेलो.

खरं बोललं की रजा मिळतेच, असं मी म्हणणार नाही. कंत्राटावर काम करणाऱ्या, सुट्टीचा पगार कापला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीने हाच मेल लिहिला असता, तर कदाचित काम गेलं असतं. तिने कारण सांगू नये, तो तिचा हक्क आहे. पण तिची पाळी कोण उचलणार, हे तिनेही सांगायला हवं. कारण सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, गैरहजेरी मात्र लपवू नये.