रिकामा रकाना

भातकापणीनंतर कोकणातल्या मळ्यांवर टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात. दाभोळच्या मैदानावर खेळायला समोरच्या धोपाव्याची पोरं फेरीबोटीनं येतात. मॅच संपते आणि उरतो तो ग्रुपवर आलेला स्कोअरबोर्डाचा फोटो. कुणीतरी म्हणतं, "एवढं तक्त्यात टाक."

बोर्ड चालू क्षण दाखवतो, पण तक्ता निकालासारखा वाचला जातो. म्हणून प्रत्येक ओळीत पहिला प्रश्न हाच, की हा आकडा शेवटचा आहे की वाटेतला?

समजा फोटोत असं दिसतं : सहा षटकांची मॅच, टार्गेट 62, होम 41, गडी 4, षटके 4.3, हव्यात 15, चेंडू 9.

आधी चेंडू मोजावेत. 4.3 म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, एकूण 27. छत्तीसातून 27 गेले, उरले 9. इथपर्यंत बोर्ड खरं बोलतो. मग धावा. 62 मधून 41 गेले की 21 उरतात, बोर्ड मात्र 15 म्हणतो. धावा 47 धरल्या तर 15 बरोबर येतात.

सात पट्ट्यांच्या दिव्यांत 7 ची वरची आडवी पट्टी विझली की तो हुबेहूब 1 दिसतो. मधली पट्टी गेली की 8 चा 0 होतो. कधी दिवे धडधाकट असतात आणि चूक फोटोची असते. हे दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं उघडझाप करतात. कॅमेऱ्यानं त्याहून झटकन फोटो घेतला, तर अर्धा आकडा अंधारात जातो.

गणित जुळलं तरी लगेच हुरळू नये. स्कोअरर कधी आधी 'हव्यात' बदलतो, मग धावा. त्या दोन बटणांमधल्या सेकंदात निघालेल्या फोटोत दिवे शाबूत असूनही हिशेब चुकतो. तोच बोर्ड दुसऱ्या फोटोतही दिसत असेल, तर तिथला एकम स्थानचा 7 पाहावा. तिथंही वरची पट्टी नसेल तर दोष दिव्याचा. दुसरा फोटो नसेल तर 47 लिहून शेजारी 'हिशेबावरून' अशी नोंद करावी. वाचलेलं आणि काढलेलं एका रकान्यात राहिलं, की महिन्याभरानं दोन्ही सारखंच खरं वाटू लागतं.

षटकांमधला ठिपका दशांशाचा नव्हे. 2011 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडेवर भारतानं 48.2 षटकांत 4 बाद 277 केल्या. ती षटकं 290 चेंडूंची, धावगती 5.73. तक्त्यानं 48.2 ला सरळ भागलं तर 5.75 येते. फरक इतका लहान, की कुणाला संशयही येत नाही. म्हणून चेंडूंचा रकाना वेगळा ठेवावा आणि भागाकार त्यावरूनच करावा.

धावा आणि गडीही वेगळे ठेवावेत. एकाच घरात 12/4 टाकलं की संगणक त्याची 12 एप्रिल करून मोकळा होतो.

कबड्डीच्या बोर्डावर 12:35 दिसलं तर घाई नको. पुरुषांच्या सामन्याचा अर्धा भाग 20 मिनिटांचा. घड्याळ उलटं धावत असेल तर झालेला खेळ 7 मिनिटं 25 सेकंदांचा, सुलटं असेल तर 12 मिनिटं 35 सेकंदांचा. आणि ती भिंतीवरची वेळ असेल, तर भर दुपारी चढाई चालू आहे. 'पूर्वार्ध' की 'उत्तरार्ध' हे लिहिल्याशिवाय त्या वेळेला अर्थ नाही.

फोटोच्या नावावर विसंबू नये. IMG-20240114-WA0007.jpg मधली तारीख तो फोनवर आल्याची. रात्री बारानंतर पुढे पाठवलेली मॅच एक दिवस पुढं सरकते.

बोर्डावर 'होम' आणि 'गेस्ट' एवढंच असतं. होम कोण, हे लॉट्सचा कागद सांगतो. बोर्डावरचं नाव एका रकान्यात जसंच्या तसं आणि खरं नाव दुसऱ्या रकान्यात असावं.

शेवटी ओळी अशा उतरतात :

```
संघ  | डाव   | धावा | गडी | षटके | चेंडू | नोंद
गेस्ट | पहिला | 61   |     |      |      | टार्गेटवरून
होम  | दुसरा | 47   | 4   | 4.3  | 27   | हिशेबावरून, डाव चालू
```

गेस्टच्या ओळीतली तीन घरं रिकामी आहेत. षटकांच्या घरात 6.0 लिहायला हात शिवशिवतो, पण गेस्ट पाचव्या षटकातच सर्वबाद झाले असतील, तर ते फोटोला ठाऊक नाही. गड्यांच्या घरात 0 टाकलं तर एकही गडी न गमावता 61 केल्याचा मान त्यांना फुकटात मिळतो.

जो खेळायलाच आला नाही, त्याच्या नावापुढं भोपळा लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे.