प्रदोष : उपवास मोठा की वेळ?

दिवसभर निराहार राहूनही सायंपूजा चुकली, तर प्रदोषव्रत घडले असे म्हणावे काय? आमच्या मते नाही; कारण प्रत्येक पक्षातील या व्रताचा दिवसच मुळी सायंकाळवरून ठरतो. समजा, त्रयोदशी मंगळवारी दुपारी ३ वाजता लागून बुधवारी दुपारी १ वाजता संपते. पंचांगात सूर्योदयाची त्रयोदशी बुधवारी दिसते, तरी प्रदोष मंगळवारीच, म्हणजे भौमप्रदोष होय. केवळ सकाळची तिथी पाहून बुधवारी येणारे भाविक येथेच फसतात.

सूर्यास्तापूर्वी स्नान करावे. सूर्यास्तापासून सहा घटिका, म्हणजे सुमारे अडीच तासांच्या आत, पिंडीवर जलाभिषेक करून बेल व पांढरे फूल वाहावे आणि मगच भोजन करावे. जल, फळे, दूध व औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्रच सांगते. तेव्हा मधुमेही वा वृद्ध भाविकांनी दिवसा ते निःशंकपणे घ्यावे.