टोकणे आणि ठरवणे

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, म्हणजे मूल वाक्ये जुळवू लागते त्याच काळात. शंभरातली साधारण पाच मुले कधी ना कधी अडखळतात. त्यांतली बहुतेक पुढे आपोआप मोकळी बोलू लागतात आणि मोठेपणी शंभरात एखादाच अडखळणारा उरतो. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात 1965 साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. तिच्यासारख्या ठिकाणी हा एखादा माणूस तिशीत उपचाराला येतो, तेव्हा त्याच्याबरोबर दोन दुखणी आलेली असतात. एक बोलण्याचे आणि दुसरे बोलण्याबद्दल लहानपणी ऐकलेल्या शब्दांचे. ही दोन्ही एकच समजण्याची चूक घरच्यांनी तर केलीच, पण शास्त्रानेही केली.

तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, आईबापांच्या कानात सुरू होतो, असा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन यांचा सिद्धांत होता. सगळीच लहान मुले थोडीफार अडखळतात, एखाद्या घरात त्याला दोष म्हटले जाते आणि मग तो दोष खरोखरच जडतो, असे ते मानत. ते स्वतः तोतरे होते, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन होते. 1939 साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या व्यवस्थित बोलणाऱ्या सहा मुलांना काही महिने सांगण्यात आले की तुमच्या बोलण्यात दोष आहे, तोतरेपणाची लक्षणे दिसताहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका.

हे क्रौर्य होते, यात वाद नाही. विद्यापीठाने 2001 मध्ये माफी मागितली आणि 2007 मध्ये आयोवा राज्याने नुकसानभरपाई दिली. पण प्रयोगातून निघाले काय, हे फारसे सांगितले जात नाही. त्या नोंदी 2002 साली पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा सहांपैकी कोणी तोतरे झाल्याचा पुरावा मिळाला नाही. टीकेने दोष निर्माण केला नव्हता. मात्र मुले गप्प झाली होती, एकेका शब्दात उत्तरे देऊ लागली होती, तोंडावर हात धरू लागली होती. महिनाभरापूर्वी मोकळेपणाने बडबडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला बोलते करणे कठीण झाले होते.

म्हणजे जॉन्सन यांचा मूळ दावा चुकला. तोतरेपणात अनुवंशाचा आणि मेंदूतल्या वाचेच्या जडणघडणीचा वाटा मोठा आहे. पण टीकेने काय होते, हे मात्र त्यांच्याच प्रयोगाने दाखवून दिले. तिने मुलाची जीभ बिघडत नाही. मूल स्वतःविषयी जे मानते, ते बिघडते.

यावर सोपा निष्कर्ष असा की मुलाला टोकूच नये. जॉन्सन यांच्या प्रभावाखाली कित्येक वर्षे पालकांना हाच सल्ला मिळाला: अडखळण्याचा उल्लेख करू नका, लक्षात आल्याचे दाखवू नका. हा सल्ला दयाळू वाटतो, पण तो टिकत नाही. ज्या गोष्टीवर घरात कोणी अवाक्षर काढत नाही, ती इतकी लाजिरवाणी आहे की तिचे नावही घेता येत नाही, असे मूल समजून चालते. शिवाय सिडनीत विकसित झालेली लिडकम उपचारपद्धती उलटेच दाखवते. तिच्यात आईबाप रोजच्या गप्पांत बोलण्यावर उघड शेरे देतात. शब्द सहज आला तर पुष्कळ वेळा कौतुक, अडखळला तर अधूनमधून, हलक्या सुरात, "आत्ता जरा अडलं, नाही का?" यातून लहान मुले दुखावत नाहीत, बऱ्याच अंशी मोकळी होतात. तेव्हा टोकणे हा गुन्हा नव्हेच. घाव होतो तो टोकण्याच्या जागी ठरवणे आले की. "शब्द अडला" हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन झाले. "तुला बोलताच येत नाही" हा मुलावर दिलेला निकाल झाला. पहिले वाक्य त्या क्षणाबरोबर संपते. दुसरे मूल पुढे स्वतःच म्हणू लागते आणि मग ते म्हणायला बापाची गरज उरत नाही.

मोठेपणी या निकालाचे काय होते, ते एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणावरून दिसते. बेळगावचा एक बँक कर्मचारी. सातव्या वर्षी पाहुण्यांसमोर नाव सांगताना अडखळला, तेव्हा वडील म्हणाले, "राहू दे, त्याला नाही जमायचं." आज तो फोन उचलत नाही. "मंगळवारी" हा शब्द अडेल असे वाटले की "परवा" म्हणतो. नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो, म्हणून ओळख करून देण्याची वेळ आली की तो उठून बाहेर जातो. त्याच्या सहकाऱ्यांना तो तोतरा आहे हे माहीतही नाही. तो अबोल आहे, थोडा शिष्ट आहे, एवढेच त्यांना वाटते. अडखळणे थोडे आणि लपवणे फार, अशी ही स्थिती. लपवण्यात यश येते म्हणूनच निकाल कधी तपासला जात नाही.

दुरुस्तीची सुरुवात जुने वाक्य जसेच्या तसे लिहून काढण्यापासून होते: कोण म्हणाले, कुठे, त्या वेळी वय काय होते. मग त्यातले घडलेले आणि ठरवलेले वेगळे करायचे. घडले ते एवढेच की पाहुण्यांसमोर एका मुलाचे नाव काही क्षण अडले. इथे बरेच जण घाई करतात आणि "मी उत्तम बोलतो" असे वाक्य रोज घोकतात. ते पहिल्याच फोनवर खोटे ठरते. स्वतःविषयी आधीच वाईट मत असलेल्यांना अशा गोड वाक्यांनी उलट अधिक वाईट वाटते, असे 2009 च्या एका कॅनेडियन अभ्यासात आढळले होते. नवे वाक्य खरे असावे लागते: "माझा शब्द अडतो, आणि तरी मला म्हणायचं ते मी म्हणू शकतो."

ते खरे आहे हे कागदावर पटत नाही, दुकानात पटते. दुकानात फोन करण्याआधी तो बँक कर्मचारी भाकीत लिहितो: समोरचा हसेल, किंवा फोन ठेवेल. मग मुद्दाम, ठरवून एका शब्दावर अडखळतो. उपचारतज्ज्ञ हे आधी स्वतः करून दाखवतात. बहुतेक वेळा समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि किंमत सांगतो. कोणी हसलेच तर तेही लिहायचे, कारण "कोणीच हसत नाही" हे नव्या वाक्यात नव्हतेच.

यानंतर उरते ती आठवण. डोळे मिटून तो त्या बैठकीच्या खोलीत परत जातो, पण या वेळी आजचा तिशीतला माणूस म्हणून. तो मुलाशेजारी बसतो, वडिलांना थांबवतो आणि मुलाला नाव पूर्ण करू देतो. प्रसंग घडला नव्हता अशी ही बतावणी नसते. सात वर्षांच्या मुलाने त्या प्रसंगाचा जो अर्थ लावला, तो बदलायचा असतो. मात्र हे प्रत्यक्ष फोन करण्यासोबत व्हायला हवे. डोळे मिटून छान रडू आले, पण "तू लाव ना फोन" हे बायकोला सांगणे चालूच राहिले, तर काही बदललेले नाही, असे खुशाल समजावे. आठवण गंभीर मारहाणीची असेल तर हा भाग तज्ज्ञाशिवाय करू नये.

जुने वाक्य पुसले जात नाही. झोप कमी झाली, वरिष्ठ समोर आले, की ते परत येते. फरक एवढाच पडतो की ते आल्यावरही फोन लावला जातो. वडिलांनी माफी मागितल्याशिवाय हे शक्य नाही असे अनेकांना वाटते. तसे नाही, आणि त्या माफीची वाट पाहण्यात वर्षे जातात. तोतरेपणा घराण्यात चालत येतो हे कळल्यावर मात्र कधी कधी दुसरी शक्यता दिसते. ते स्वतः लहानपणी अडखळत होते का, हे वडिलांना कोणी विचारलेलेच नसते. आपल्या मुलाला पाहुण्यांसमोरून सोडवण्याचा त्यांना तेवढाच एक मार्ग माहीत असणेही शक्य आहे.