नसलेल्या पायाचे वजन

बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मधुमेहामुळे ज्याचा पाय गुडघ्याखाली काढला आहे त्याच्यासाठी मात्र हा भागाकार फसतो. वजनकाट्यावर उरलेलेच शरीर चढते. उंची मात्र पाय असतानाची धरलेली असते. एकाच अपूर्णांकात वर अपुरे शरीर आणि खाली पुरे. साहजिकच उत्तर खरे असायला हवे त्यापेक्षा कमी येते आणि वजन वाढलेला माणूस कागदावर ठणठणीत ठरतो.

बेल्जियमचे क्वेतले यांनी १८३० च्या दशकात हे गुणोत्तर मांडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होता सरासरी माणूस, म्हणजे सर्व अवयव शाबूत असलेला. १९७२ मध्ये अमेरिकेत अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. पाय गमावलेल्या एकट्या रुग्णाचा विचार या परंपरेत नव्हताच.

त्याच्या कामी येणारे आकडे भलत्याच वाटेने आले. लाइपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर यांनी मृतदेह गोठवून त्यांचे भाग करवतीने वेगळे केले, तोलले, प्रत्येकाचा गुरुत्वमध्य शोधला. १८८९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासामागचा प्रश्न होता जर्मन पायदळाच्या सैनिकाने पाठीवरचे ओझे कसे वाहावे हा. पुढे १९५५ मध्ये डेम्प्स्टर यांनी अमेरिकी हवाई दलासाठी बसलेल्या चालकाला किती जागा लागते हे मोजताना आठ पुरुषांचे मृतदेह तपासले. बहुतेक वयस्क आणि किडकिडीत. सैनिकाची पाठपिशवी आणि वैमानिकाची खुर्ची यांसाठी जमवलेली अशी मापे हळूहळू आहारतज्ज्ञांकडे आली. १९९५ मध्ये ऑस्टरकँप यांनी अपंगत्व आलेल्या रुग्णांसाठी अवयवांची जी टक्केवारी मांडली, ती आजही सर्रास वापरतात: पूर्ण हात ५ टक्के, पाऊल १.५, पोटरी ४.४, मांडी १०.१ आणि पूर्ण पाय १६ टक्के.

एक उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेपूर्वीची उंची १७० सेंटिमीटर, आजचे वजन ६५ किलो. कृत्रिम पाय काढून घेतलेले, कारण तो चढवून वजन घेतले तर हिशेब पहिल्या पायरीवरच बिघडतो. सरळ भागाकाराने बीएमआय २२.५ येतो. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २३ धरतात, म्हणजे माणूस सुरक्षित. आता पाऊल आणि पोटरी मिळून ५.९ टक्के गेले असे समजू. मग ६५ किलो म्हणजे मूळ शरीराचे ९४.१ टक्के, ६५ भागिले ०.९४१ म्हणजे ६९.१ किलो आणि बीएमआय २३.९. रेषा ओलांडली.

इथे अनेकजण ६५ चेच ५.९ टक्के काढून त्यात मिळवतात. टक्केवारी पूर्ण शरीराची आहे, उरलेल्याची नव्हे. पोटरीपुरता फरक किरकोळ दिसतो. पूर्ण पाय गेलेला असेल तर मिळवणीने ७५.४ किलो येतात आणि भागाकाराने ७७.४.

पण गुडघ्याखाली पाय काढताना सर्जन सगळी पोटरी काढत नाहीत, कृत्रिम पाय बसवण्यासाठी खुंट ठेवतात. आपल्या माणसाची निम्मी पोटरी उरली असेल तर गेलेला भाग अंदाजे ३.७ टक्के, वजन ६७.५ किलो आणि बीएमआय २३.४. शिवाय पोटरी वर जाड आणि खाली निमुळती, त्यामुळे निम्म्या लांबीत निम्मे वजन असतेच असे नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले मोझुमदार आणि रॉय यांनी २००४ मध्ये पायाची मापे घेऊन गेलेल्या भागाचा अंदाज बांधण्याची पद्धत सुचवली, ती मला या कारणासाठी महत्त्वाची वाटते. ती त्या माणसाच्या पायाकडे पाहते, शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी पायाकडे नाही.

टक्केवारी कुठे लंगडी पडते, हेही त्यातून कळते. लठ्ठ व्यक्तीत, स्त्रियांत किंवा सुजेने फुगलेल्या शरीरात अवयवांचा वाटा तक्त्यापेक्षा वेगळा असू शकतो. खुंटाचे स्नायू महिन्यामहिन्याने आटतात. म्हणून दशांशापर्यंतची अचूकता फसवी, २३.४ ते २३.९ असा पट्टा सांगणे अधिक प्रामाणिक.

आणि ६७.५ किलोचा हा माणूस कल्पनेतला आहे. त्याची जागा फक्त बीएमआयच्या भागाकारात. नसलेली पोटरी उष्मांक मागत नाही, म्हणून रोजच्या आहाराचा हिशेब काट्यावरच्या ६५ किलोंवरच बेतायचा. उद्दिष्ट ठरवताना मात्र उलट जायचे: बीएमआय २२ हवा तर १७० सेंटिमीटरला पूर्ण शरीराचे ६३.६ किलो, त्यातून ३.७ टक्के वजा केले की काट्यावर दिसायला हवेत ६१.२. रुग्णाला सांगायचा आकडा हाच, ६३.६ सांगितला तर तो अडीच किलो जास्त असतानाच थांबेल.

दोन्ही पाय गेलेल्यांची अडचण याहून मोठी, कारण तिथे उंचीही हरवते. कृत्रिम पायांवर उभी राहिलेली उंची पाय बनवणाऱ्याने ठरवलेली असते. जुन्या कागदांत नोंद नसेल तर दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजतात आणि त्यावरून उंचीचा अंदाज करतात. तिचा वर्ग होत असल्याने दोन सेंटिमीटरची चूकही बीएमआयमध्ये अर्ध्या अंकाचा फरक पाडते.