हॅशटॅग ठरवताना

प्रिय दीप्ती,



तुम्हा दोघांच्या नावांतून केलेला #RaDi हा हॅशटॅग काल तुझ्या बाबांनी पाठवला. 'विरुष्का'सारखं, पण दोन-दोन अक्षरांत बसवायचं म्हणून तुम्ही तो केलात, हे दिसतंच आहे. पण तो लावू नका.

R आणि D मोठे आहेत म्हणून तुम्हाला त्यात राहुल आणि दीप्ती दिसतात. हॅशटॅगमध्ये लहान-मोठ्या अक्षरांना अर्थ नसतो. पाहुणे सगळं लहान अक्षरांत radi असं टाइप करणार, आणि आपल्याकडे ते थेट 'रडी' वाचलं जाणार. त्यातून राहुलचं घर गुजराती. त्यांच्या भाषेत रडी म्हणजे रडली. सुनेच्या लग्नाच्या फोटोंखाली हा शब्द सासूबाईंना कसा वाटेल? म्हणून काहीही निवडलंत तरी आधी ते लहान अक्षरांत कागदावर लिहा, आणि ज्यांना काही सांगितलेलं नाही अशा दोन माणसांकडून, एक आपल्याकडचं, एक त्यांच्याकडचं, मोठ्याने वाचून घ्या. त्या वाचण्यातच सगळं कळतं.

दुसरं आडनावाचं. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेल्या #DiptiBanegiMrsShah मध्ये आपलं घर कुठेच नाही. शिवाय लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. तांदळात नाव लिहायचा विषय निघाला तेव्हा तुझी आई किती गप्प झाली होती, आठवतं ना? तो निर्णय तुमचा तुम्ही सावकाश घ्या, हॅशटॅगने तो आधीच जाहीर करू नये.

माझं मत, दोघांची पहिली नावं पूर्ण ठेवा. नुसतं #DiptiRahul घेतलंत तर त्या नावांच्या इतर जोडप्यांचे फोटो त्यात मिसळतील, म्हणून गाव जोडा: #DiptiRahulNashik. आधी शोधून बघा, कुणी वापरलाय का. मध्ये जागा किंवा हायफन नको, तिथेच हॅशटॅग तुटतो. Dipti की Deepti हेही पक्कं करा, पत्रिकेत असेल तेच स्पेलिंग घ्या. नाहीतर निम्मे फोटो भलतीकडेच जातील. ज्यांचं खातं खाजगी आहे त्यांचे फोटो असेही तिथे सगळ्यांना दिसणार नाहीत, ते वेगळे मागून घ्या.

नाव कुणाचं आधी, यावरून कुरबुर होऊ शकते. आपल्या पत्रिकेत चि. सौ. कां. आधी असेल, त्यांच्या पत्रिकेत चिरंजीव. हॅशटॅगला मात्र एकच क्रम असतो. 'दीप्ती-राहुल' तोंडात सहज बसतं, एवढंच कारण दोन्हीकडे सारख्या शब्दांत सांगा, आणि राहुलच्या घरी ते राहुलनेच सांगावं.

स्वागताचा फलक आणि पत्रिका छापायला जाण्याआधी दोन्हीकडच्या आईवडिलांना हॅशटॅग दाखवा. एकाच्याही चेहऱ्यावर नको दिसलं, तर कारण न विचारता दुसरा शोधा.

तुझी,
आत्या