मजकूर शेवटी कोणाच्या हातून जातो

एका कंपनीने तयार केलेले सॉफ्टवेअर दुसरी कंपनी स्वतःचे नाव लावून विकते, त्याला व्हाइट लेबल म्हणतात. ग्राहकाला दिसतो तो दुसऱ्या कंपनीचा लोगो, दुसऱ्या कंपनीचा रंग. पहिलीचे नाव त्याच्या कानावरही येत नाही. ही सोय चांगली आहे, पण ती वापरताना एक सेटअप दुसऱ्याच्या पोटात जातो आणि दोघांच्याही लेखी सूचना एकाच माणसाच्या टेबलावर येतात. संदेश लिहिणारा किंवा टेम्प्लेट भरणारा माणूस त्या वाचतो तेव्हा एक कागद म्हणतो हे करा आणि दुसरा म्हणतो नेमके हेच करू नका. अशा वेळी बहुतेक जण विचारतात, मोठी कंपनी कोणती, कोणाचे ऐकायचे? मला वाटते हा प्रश्नच चुकीच्या जागी पडलेला आहे. आधी विचारायला हवे ते हे, की आपण लिहिलेला मजकूर ग्राहकाच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातो आणि त्याला शेवटचा हात कोणाचा लागतो.

नमुन्यादाखल एक मांडणी घेऊ. ग्राहकांशी चॅट करण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी एक मूळ कंपनी आहे. ते विकत घेऊन पुण्यातली दुसरी कंपनी स्वतःच्या नावाने महाराष्ट्रातल्या पतसंस्थांना सेवा देते. ठेवीची मुदत संपत आल्याची आठवण, हप्त्याची सूचना, खातेदाराच्या प्रश्नाला उत्तर असे संदेश जातात व्हॉट्सॲपवर, आणि व्हॉट्सॲप नसेल तर साध्या एसएमएसने. मूळ कंपनीच्या सूचनांत लिहिले आहे की संदेश मार्कडाउनमध्ये लिहावा, ठळक अक्षरांसाठी दोन स्टार वापरावेत, मजकूर ४०९६ अक्षरांपर्यंत चालेल. पुण्याच्या कंपनीच्या सूचनांत लिहिले आहे की ठळक करायला एकच स्टार वापरा, आणि त्याच पानावर खाली, संदेश ७० अक्षरांच्या आत ठेवा.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणीतरी चुकले आहे असे वाटते. पण एकेक वाक्य सुटे करून पाहिले तर चित्र बदलते.

लांबीची गोष्ट आधी घेऊ, कारण ती लवकर सुटते. ४०९६ ही व्हॉट्सॲपच्या साध्या मजकुराची मर्यादा आहे. ७० ही एसएमएसची आहे, आणि तीही फक्त देवनागरीत लिहिले तर. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात म्हणून तिथे १६० अक्षरे बसतात. देवनागरी अक्षराला १६ बिट लागतात म्हणून ७०. मजकूर त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती घालावी लागते आणि एका तुकड्यात ६७ च उरतात. म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या रस्त्यांचे आहेत एवढेच कोणी लिहिलेले नाही.

स्टारचे प्रकरण जास्त खोल आहे आणि तिथेच खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. मार्कडाउनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार दिले की तो ठळक होतो आणि एकेक दिला की तिरपा. व्हॉट्सॲपमध्ये एकच स्टार ठळक करतो, तिरपे करायला अंडरस्कोअर लागतो. आता खातेदाराला व्हॉट्सॲपच दिसते, मग व्हॉट्सॲपची रीत खरी आणि पुण्याच्या कंपनीची सूचना बरोबर, असे कोणीही म्हणेल. शिवाय ती कंपनी ग्राहकाला जवळची, तिचे नाव पडद्यावर, तिचा सेटअप आतला. पण इथेच घसरायला होते. कोणाचा सेटअप कोणाच्या आत बसला आहे हा एक क्रम झाला, आणि मजकूर कोणाकडून कोणाकडे वाहतो हा दुसरा. हे दोन क्रम नेहमी जुळतातच असे नाही.

आपल्या मांडणीत पुण्याच्या कंपनीचा कर्मचारी मूळ कंपनीच्या पॅनेलमध्ये उत्तर टाइप करतो. पाठवा म्हटल्यावर तो मजकूर मूळ कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथला एक प्रोग्राम मार्कडाउन वाचून त्याचे व्हॉट्सॲपच्या रीतीत रूपांतर करतो आणि मग तो पुढे जातो. नावाने आतली असलेली कंपनी इथे मजकुराला आधी हात लावते, आणि नावाने बाहेरची असलेली शेवटी. म्हणून कर्मचाऱ्याने एक स्टार दिला तर रूपांतर करणारा प्रोग्राम त्याला तिरपे समजतो, त्या जागी अंडरस्कोअर घालतो, आणि खातेदाराला रक्कम ठळक दिसण्याऐवजी तिरपी दिसते. इथे मूळ कंपनीचा शब्द खरा, कारण शेवटचा हात तिचा आहे.

याउलट पुण्याच्या कंपनीने हीच चॅटची खिडकी स्वतःच्या मोबाइल ॲपमध्ये बसवली आणि ते ॲप दाखवण्याआधी सगळी सजावट काढून टाकत असेल, तर शेवटचा हात तिचा. तिथे मूळ कंपनीच्या कागदावर ठळक, तक्ते, दुवे सगळे चालते असे लिहिलेले असले तरी उपयोग नाही. दोन्ही वेळा कंपन्या त्याच, करार तोच, आतबाहेरचे नातेही तेच. फक्त वाट बदलली आणि खरा शब्द कोणाचा हेही बदलले.

वाट कागदावरून कळली नाही तर पडद्यावरून कळते. स्वतःच्या फोनवर ही ओळ पाठवून पाहावी:

```
**एक** *दोन* _तीन_
```

लक्ष फक्त मधल्या शब्दावर ठेवायचे. ‘दोन’ तिरपा आला तर मध्ये मार्कडाउन वाचणारा कोणीतरी बसला आहे. ‘दोन’ ठळक आला तर मजकूर जसाच्या तसा व्हॉट्सॲपपर्यंत पोहोचतो आहे. सगळे स्टार उघडे दिसले तर समोरचा पडदा साधा मजकूरच दाखवतो. ‘तीन’ पाहून काही कळत नाही, कारण तो पहिल्या दोन्ही वाटांनी तिरपाच येतो. कागदांवर तासभर वाद घालण्यापेक्षा ही एक ओळ जास्त सांगते.

पण एका चाचणीवरून सगळ्या संदेशांबद्दल निकाल देऊ नये. व्हॉट्सॲपवर खातेदाराने शेवटचा संदेश पाठवल्यापासून २४ तास कंपनीला मोकळे उत्तर देता येते. त्यानंतर आपणहून काही कळवायचे असेल तर आधी मंजूर करून घेतलेले टेम्प्लेटच लागते. ठेवीची आठवण हा असा टेम्प्लेटचा संदेश. आपल्या मांडणीत टेम्प्लेट मंजुरीला पाठवताना ते थेट व्हॉट्सॲपच्या रीतीत लिहिले जाते, रूपांतराचा प्रोग्राम त्याच्या वाटेत येतच नाही. म्हणजे पुण्याच्या कंपनीची एका स्टारची सूचना टेम्प्लेटसाठी अगदी बरोबर होती. ज्याने ती लिहिली त्याने टेम्प्लेट पाहून लिहिली, आणि चॅटवर उत्तरे देणाऱ्यानेही ती आपल्यासाठीच आहे असे समजून उचलली. विसंगत दिसणाऱ्या सूचनांमागे खोटेपणा क्वचित असतो. बहुतेक वेळा ‘कुठे’ हा शब्द गळालेला असतो.

एसएमएसकडे परत येऊ, कारण तिथे ही गळती पैशांत मोजता येते. संस्थेचे नाव नमुन्यापुरते वगळून हा मजकूर पाहा:

```
आपली मुदत ठेव १५ मार्च रोजी पूर्ण होत आहे. कृपया शाखेत संपर्क साधावा.
```

काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार, मोकळ्या जागा सगळे वेगवेगळे मोजायचे असते. ‘मार्च’ दिसायला दोन अक्षरे, पण मोजणीत पाच. असे मोजले की हा संदेश ६९ भरतो. एका एसएमएसमध्ये बसतो आणि वर एक जागा उरते. आता तारीख ठळक करावी म्हणून कोणी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टार दिला की ७१. दोन-दोन दिले की ७३. दोन्ही वेळा संदेश दोन तुकड्यांत जातो, खर्च दुप्पट होतो, आणि खातेदाराला ठळक काहीच न दिसता नुसते स्टार दिसतात. शिवाय भारतात ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यावसायिक एसएमएसचे टेम्प्लेट डीएलटीवर आधी नोंदवावे लागते. नोंदलेल्या मजकुरात स्टार नसतील आणि पाठवताना आले, तर मजकूर जुळत नाही म्हणून संदेश वाटेतच अडतो. हा असा हात आहे की त्यापुढे मूळ कंपनीचे चालत नाही आणि पुण्याच्या कंपनीचेही नाही.

इथवर आपण ज्या सूचना पाहिल्या त्या पडद्याबद्दलच्या होत्या, म्हणजे तपासून खऱ्या-खोट्या ठरवता येतील अशा. पण त्याच कागदांवर इच्छाही लिहिलेल्या असतात, आणि त्या वस्तुस्थितीच्या भाषेत लिहिलेल्या असतात, हीच पंचाईत. ‘फक्त साधा मजकूर’ एवढेच वाक्य असेल तर पडदा ठळक दाखवू शकत नाही असा त्याचा अर्थ आहे, की कंपनीला ठळक आवडत नाही असा? चाचणीत ठळक नीट उमटले, तरी सूचना रद्द झाली असे समजू नये. मग ती आवडीची बाब आहे, आणि आवडीच्या बाबतीत ज्याचे नाव खातेदार वाचतो त्याचा शब्द चालावा, म्हणजे पुण्याच्या कंपनीचा. ‘नमस्कार’ने सुरुवात करावी की ‘प्रिय सभासद’ने, मूळ कंपनीचे नाव कुठे येऊ द्यायचे की नाही, हे तिने ठरवावे. व्हाइट लेबल घेतले ते त्यासाठीच.

मनाईचे मात्र वेगळे. मूळ कंपनीने म्हटले असेल की चॅटवर ग्राहकाकडून कार्डाचा पूर्ण क्रमांक मागू नका, आणि पुण्याच्या कंपनीच्या कागदावर ओळख पटवण्यासाठी तो मागा असे असेल, तर आतल्या कागदाने बाहेरची मनाई सैल होत नाही. आतली कंपनी ती आणखी कडक करू शकते, शेवटचे चार आकडेही मागू नका म्हणू शकते. सैल करायची असेल तर ते दोन कंपन्यांनी एकत्र बसून करारात ठरवायचे. संदेश लिहिणाऱ्याने स्वतःच्या टेबलावर ते ठरवू नये.

आणि चाचणी करताच येत नसेल, पॅनेल हाती नसेल, संदेश तासाभरात जायचा असेल, तर असे लिहावे की दोन्ही वाटांनी ते नीट वाचता येईल. महत्त्वाची तारीख ठळक करण्याऐवजी वाक्यात पुढे आणावी. दुवा शब्दामागे न लपवता पूर्ण पत्ताच लिहावा. यादीऐवजी दोन छोटी वाक्ये करावीत. पुढे मार्कडाउन वाचणारा असो वा नसो, त्या मजकुराचे काही बिघडत नाही. पण ही तात्पुरती सोय आहे. तिचीच सवय झाली तर कागदावरचा गोंधळ तसाच राहतो आणि नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून दोन्ही कागद एकत्र करून टेबलावर जो एकच ठेवायचा, त्यात कोणाची सूचना जिंकली हे लिहू नये. कुठे लागू, कोणी पाहिले आणि केव्हा, हे लिहावे. आपल्या मांडणीत तो एवढाच होतो:

```
चॅट उत्तर (२४ तासांत): ठळक = ** ; फोनवर पाहिले, तारीख ...
व्हॉट्सॲप टेम्प्लेट: ठळक = * ; मंजूर नमुन्यात पाहिले, तारीख ...
एसएमएस: खुणा नाहीत, मराठीत ७० ; डीएलटी मजकुराशी जुळवणे
```

तारखेची जागा रिकामी ठेवून पुढे जाऊ नये. मूळ कंपनीने तिकडे रूपांतराचा प्रोग्राम बदलला तर त्याची खबर पुण्याच्या टेबलापर्यंत येईलच असे नाही, आणि मग चाचणीची ती ओळ पुन्हा पाठवावी लागते.