गव्हाण रिकामी पडू नये

नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात मी रुजू झालो, तेव्हा हंगाम सुरू होऊन आठवडा झाला होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘सभासद हाच मालक’ असं लिहिलेलं होतं. फाटकाबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग होती. सकाळी भेटणारा प्रत्येक जण, शिपायापासून कार्यकारी संचालकांपर्यंत, आधी एकच विचारायचा, “काल गाळप किती झालं?” चार दिवसांत मला वाटलं, इथली रीत कळली.

कामाच्या ठिकाणाला स्वतःची संस्कृती असते, हा विचार तसा जुना आहे. इलियट जॅक्स यांनी 1951 मध्ये लंडनच्या ग्लेशियर मेटल या कारखान्यावर पुस्तक लिहिलं. नव्या माणसाला तिथे टिकायचं तर शिकावीच लागते अशी विचार करण्याची आणि काम करण्याची सवय, असा संस्कृतीचा अर्थ त्यांनी लावला. पुढे एडगर शाइन यांनी 1985 च्या पुस्तकात तिचे तीन थर मांडले. वर दिसणाऱ्या गोष्टी, त्याखाली बोलून दाखवलेली मूल्यं, आणि तळाशी कुणीच बोलत नाही अशी गृहीतकं. या मांडणीमागे त्यांचा स्वतःचा एक फसलेला प्रयत्न होता. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या बैठकांत माणसं एकमेकांचं बोलणं तोडून भांडत. सल्लागार म्हणून गेलेल्या शाइन यांनी त्यांना शांतपणे बोलायला सांगून पाहिलं. पटलं सगळ्यांना, बदललं काहीच नाही. कल्पना खरी की खोटी हे ती भांडणात टिकते का यावरूनच ठरतं, अशी तिथल्या लोकांची खोल धारणा होती. हे उमगल्यावर त्यांनी भांडण थांबवणं सोडलं आणि बोललेले मुद्दे फळ्यावर टिपून द्यायला सुरुवात केली.

माझं वाचन चुकलं ते जानेवारीत. एक सभासद ऑफिसात आले. उसाची नोंद वेळेवर केलेली, पाळी आलेली, उसाला तुरा येऊन वजन घटू लागलेलं, आणि तोडणीची टोळी मात्र दुसऱ्याच गटात गेलेली. भिंतीवरचं वाक्य आणि ही गोष्ट मी शेजारी ठेवून पाहिली आणि ठरवून टाकलं की ही वशिलेबाजी आहे.

मिल विभागातल्या जुन्या फोरमनना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “गव्हाण रिकामी पडली तर काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं नाही.” मग त्यांनी समजावून सांगितलं. ऊस नाही तर बगॅस नाही, बगॅस नाही तर बॉयलरची वाफ उतरते. टाक्यांतला रस आंबतो, आणि पुन्हा सुरळीत चालू व्हायला तास जातात. म्हणून यार्ड रिकामं होऊ लागलं की जवळचा, मोठ्या फडातला ऊस आधी उचलायचा.

दोन्ही अर्थांपैकी खरा कोणता? तोडणीच्या पावत्या माझ्याच विभागात येत. वशिला असता तर यार्ड भरलेलं असतानाही पाळी मोडली असती. मी महिन्याभराच्या पावत्या रोजच्या यार्डाच्या आकड्यांशी लावून पाहिल्या. यार्ड भरलेलं तेव्हा पाळी जवळजवळ तंतोतंत पाळलेली होती, ओस पडू लागलं की मोडलेली. भरल्या यार्डातल्या दोन पावत्यांचं कारण सापडलं नाही. ती वेगळी गोष्ट असेल, आणि ती वेगळीच तपासायला हवी होती.

मग बाकीचंही उलगडू लागलं. तोडणी-वाहतुकीचा ॲडव्हान्स रात्री उशिराही सही होऊन जायचा. ऊसबिल मात्र, कायद्याने 14 दिवसांत देणं बंधनकारक असूनही, फायलीत थांबायचं. पहाटेच्या पाळीत पाचट आणि वाढे जास्त असलेली गाडीही परत जात नसे. कुणी कुणाला तसा हुकूम दिलेला नव्हता.

शाइन म्हणतात, अशी धारणा संस्थेच्या सुरुवातीच्या अडचणीतून येते. तेव्हा जे उपयोगी पडलं, ते पुढे प्रश्न न विचारता खरं मानलं जातं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून या धंद्यात गुळाचा भाव चढला की ऊस गुऱ्हाळाकडे वळायचा. अशा वेळी गव्हाण भरलेली ठेवणं म्हणजे कारखाना जगवणं होतं. ऊस मुबलक असलेल्या हंगामातही ती भीती जात नाही, आणि तिची किंमत तुरा आलेल्या उसाचा मालक मोजतो. मला हे आजही खुपतं.

दैनंदिन अहवालात बंद तासांचे रकाने होते: ऊस नाही, यांत्रिक, विद्युत. ‘ऊस नाही’ खाली अर्धा तास जरी आला तरी सकाळी शेतकी विभागाला जाब द्यावा लागे. सभासदाची पाळी किती दिवस चुकली, याला रकाना नव्हता. हंगाम संपल्यावर तो घालावा असं मी सुचवलं. शेतकी अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “हा आकडा वाढला, तर सकाळी जाब कोणाला विचारायचा?”